शिखराभोवतीचे हेलकावे : प्रस्तावना

चंद्रपूर शहरातल्या एखाद्या गच्चीवर आता सहा पॅनेल दिसली, तर कोणी वळून पाहत नाही. गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत तर शेतातला सौर पंप हीच कित्येकांची सोलरशी पहिली ओळख आहे. रात्रीच्या विजेवर धानाला पाणी द्यायला निघायचे म्हणजे वाघाच्या वाटेवर पाय ठेवायचा; त्यामुळे दिवसा चालणाऱ्या पंपाला इथे जे मोल आहे, ते नाशिक-पुण्याकडे चटकन कळणार नाही. ही यंत्रे बसवणारी आणि दुरुस्त करणारी मुलेही इथलीच आहेत. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून ती या कामात येतात. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे आणि त्याचा विषय मुद्दाम लहान ठेवला आहे : इन्व्हर्टर पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज कशी शोधून काढतो, आणि ती सापडल्यावरही एका जागी का थांबत नाही.

स्क्रीनवर डीसी व्होल्टेज सारखे वरखाली होताना दिसले की गिऱ्हाईक विचारते, "हे असे का हलते? मशीन खराब आहे का?" बसवणाऱ्याकडे त्याचे नीट उत्तर असत नाही. कोणी 'लाइनचा प्रॉब्लेम' म्हणून वेळ मारून नेतो, तर कोणी चांगला इन्व्हर्टर परत पाठवतो. उत्तर मात्र अवघड नाही.

औष्णिक केंद्रातल्या संचाला किती मेगावॅट हवेत ते सांगता येते. पॅनेलला असे सांगता येत नाही. त्याच्यावर पडणारे ऊन आणि त्याचे तापमान ठरले की व्होल्टेज आणि करंट यांचे नातेही ठरून जाते. पॅनेलवर काहीच जोडले नाही तर व्होल्टेज सर्वांत जास्त आणि करंट शून्य असतो. दोन्ही टोके थेट जोडली तर करंट सर्वांत जास्त आणि व्होल्टेज शून्य. दोन्ही वेळा वॅट शून्यच. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा अशी असते, की तिथे व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार सर्वांत मोठा येतो. ते शिखर. अडचण अशी, की ते एका जागी राहत नाही.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे, तेव्हा ते इथेच मांडतो. ५४० वॅटची सहा पॅनेल एका ओळीत सिरीजमध्ये जोडली आहेत. कंपनीच्या कागदावर, म्हणजे सेलचे तापमान २५ अंश धरून, या ओळीचे शिखर २४९ व्होल्ट आणि १३ अँपिअरला येते. पण चंद्रपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर गेलेली असते आणि भर दुपारी सेल ७५ अंशांच्या आसपास तापतात. सिलिकॉन तापले की व्होल्टेज उतरते. शिखराचे व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के कमी होते. पन्नास अंशांच्या फरकाने ते २०५ व्होल्टवर येते, करंट १३ अँपिअरच राहतो आणि ३२४० वॅटच्या ओळीतून कडक उन्हातही सुमारे २६६५ वॅटच मिळतात. उन्हाळ्यात ऊन एवढे, मग युनिट कमी का, या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे आहे. जानेवारीच्या सकाळी हेच शिखर २४० व्होल्टच्याही वर असते. म्हणजे इन्व्हर्टरमध्ये २०५ हा आकडा कायमचा लिहून ठेवून भागत नाही. तो रोज, दर क्षणी शोधावा लागतो.

शोधण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे 'पर्टर्ब अँड ऑब्झर्व्ह', बोलताना 'पी अँड ओ'. व्होल्टेज थोडे ढकलायचे आणि वॅट वाढले की घटले ते पाहायचे. वाढले तर त्याच बाजूला आणखी एक पाऊल टाकायचे, घटले तर उलटे फिरायचे. कंट्रोलरमध्ये हे एवढेच असते :

```c
P = V * I;
if (P < P_old) dir = -dir;
P_old = P;
V_ref = V_ref + dir * dV;
```

या चार ओळींत एक गोष्ट कुठेच नाही : शिखर आले, आता थांब. ती असूही शकत नाही. शिखरावर उभे असताना मोजलेला एक आकडा हे शिखर आहे असे सांगत नाही; दोन्ही बाजूंचे आकडे कमी निघाले, तरच ते कळते. जुन्या रेडिओवर स्टेशन लावताना आपण काटा थोडा पुढे नेतो, आवाज बिघडला की मागे आणतो, आणि पुढे नेल्याशिवाय नेमकी जागा कळत नाही, तसेच हे. फरक इतकाच, की रेडिओचे स्टेशन जागचे हलत नाही म्हणून आपण हात काढून घेतो. सूर्य आणि तापमान हलत राहतात म्हणून इन्व्हर्टरला हात काढता येत नाही. तेव्हा शिखराभोवतीचे हेलकावे हा या रीतीत शिरलेला बिघाड नाही. तिला शिखर दिसते ते त्यांच्यामुळेच.

आता पावले मोजू. पाऊल १० व्होल्टचे धरू. हे मुद्दाम मोठे घेतले आहे, म्हणजे आकडे डोळ्यांना दिसतील. आपल्या ओळीवर १९५ व्होल्टला सुमारे २६३० वॅट मिळतात, २०५ ला २६६५ आणि २१५ ला २६१३. इन्व्हर्टर १९५ वरून २०५ वर आला, वॅट वाढले, म्हणून पुढे गेला. २१५ वर वॅट घटले, म्हणून उलटा फिरला. २०५ वर वॅट वाढले, म्हणून त्याच दिशेने खाली १९५ वर गेला. तिथे घटले, पुन्हा फिरला. १९५, २०५, २१५, २०५ आणि परत १९५. निरभ्र आकाशाखाली ठीक चाललेल्या पी अँड ओची ही खूण आहे : व्होल्टेजच्या तीन पायऱ्या आणि चार पावलांचा फेरा. त्या एका फेऱ्यात वॅट मात्र दोनदा वर येतात आणि दोनदा खाली जातात, कारण शिखर दोनदा ओलांडले जाते. उजवीकडची घट ५२ वॅट आणि डावीकडची ३५ हेही लक्षात ठेवा. शिखराच्या उजव्या बाजूला पॅनेलचा आलेख जास्त वेगाने कोसळतो.

या फेऱ्याची किंमत काढणे सोपे आहे. चारपैकी दोन पावले शिखरावर पडतात, एक ३५ वॅट गमावते आणि एक ५२. सरासरी २२ वॅट, म्हणजे ०.८ टक्के. पाऊल १० ऐवजी २ व्होल्टचे केले तर? शिखराजवळ आलेख घुमटासारखा सपाट असतो, त्यामुळे नुकसान पावलाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पाऊल पाचपट लहान झाले की नुकसान पंचवीसपट लहान होते. २ व्होल्टच्या पावलाला सरासरी तोटा एका वॅटच्याही आत येतो. इथवर वाचले की कोणीही म्हणेल, मग पाऊल आणखी लहान करा, अर्ध्या व्होल्टचे करा. पुस्तकातले दुसरे प्रकरण याच मोहाबद्दल आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

इन्व्हर्टर वॅट 'पाहतो' म्हणजे काय करतो? सेन्सरमधून आलेला करंट आकड्यात बदलतो. त्यासाठी १२ बिटांचे परिवर्तक असेल, तर पूर्ण पट्ट्याचे ४०९६ भाग होतात. पट्टा २० अँपिअरचा असेल, तर एक भाग सुमारे ५ मिलिअँपिअरचा झाला. २०५ व्होल्टला ५ मिलिअँपिअर म्हणजे एक वॅट. याहून बारीक फरक एका मोजणीत दिसतच नाही. भर दुपारी २ व्होल्टच्या पावलाने वॅटमध्ये पडणारा फरक जेमतेम पावणेदोन वॅटचा आहे, म्हणजे कसाबसा दिसणारा. आता सकाळी सातची वेळ घ्या, किंवा जुलैमधला झाकोळलेला दिवस. ऊन एक दशांश आहे, करंट सव्वा अँपिअरच्या आसपास आहे आणि त्याच पावलाचा फरक पाव वॅटही भरत नाही. इन्व्हर्टरला वॅट वाढले की घटले हे कळायला मार्गच उरत नाही. मग तो सेन्सरच्या खरखरीवर निर्णय घेतो. तीन पायऱ्यांचा नेटका फेरा मोडतो आणि व्होल्टेज इकडे पाच पावले, तिकडे आठ पावले असे भरकटू लागते. लहान पावलाने वाचवलेला एक वॅट अशा वेळी दामदुप्पट परत जातो. अनेक मोजण्यांची सरासरी काढून खरखर कमी करता येते आणि चांगल्या इन्व्हर्टरमध्ये तसे करतातच. पण सरासरीला वेळ लागतो, आणि वेळ ही गोष्ट पावसाळ्यातल्या आकाशाकडे मागता येत नाही.

वेळेचा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. व्होल्टेज बदलायची आज्ञा दिल्यावर आतले कॅपॅसिटर आणि कॉइल स्थिरावायला काही क्षण जातात. त्याआधीच मोजले तर मिळालेला आकडा या पावलाचा नसून मागच्याचा असतो. उलटे फिरण्याचा निर्णय एक पाऊल उशिरा होतो आणि तीनच्या जागी पाच-सात पायऱ्या दिसू लागतात. इटलीतल्या फेमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे गणिताने मांडले : पावलांमधले अंतर यंत्र स्थिरावण्याच्या वेळेपेक्षा जास्तच हवे. घरगुती सिंगल-फेज इन्व्हर्टरला त्यात भर पडते. ग्रीडमध्ये जाणारी वीज सेकंदाला १०० वेळा उसळते आणि तिची लहर पॅनेलच्या व्होल्टेजपर्यंत पोचते. म्हणून मोजणी १० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत करावी लागते, नाहीतर लहरीलाच पावलाचा परिणाम समजण्याची चूक होते.

आता ढग. मृगापासून पुढे या दोन्ही जिल्ह्यांत पूर्ण झाकलेल्या दिवसांइतकेच उघडझापीचेही दिवस असतात. समजा, ढगाची कड सरकली आणि दहा सेकंदांत ऊन निम्म्यावरून पूर्ण झाले. आपल्या ओळीचे वॅट सेकंदाला सुमारे १३३ ने वाढत आहेत. इन्व्हर्टर दर सेकंदाला २ व्होल्टचे पाऊल टाकतो, आणि त्या पावलाचा स्वतःचा परिणाम दोन-तीन वॅटचा. तो उजवीकडे पाऊल टाकतो, वॅट १३३ ने वाढतात, आणि त्याला वाटते की पाऊल योग्य पडले. पुन्हा तेच. ऊन वाढत आहे तोवर तो चुकीच्या दिशेने चालत राहतो. दहा सेकंदांनी आकाश मोकळे होते तेव्हा तो २२५ व्होल्टवर आहे आणि २६६५ ऐवजी २४०० वॅट देतो आहे. परत यायला आणखी दहा सेकंद. पहिले पाऊल डावीकडे पडले असते तर तो १८५ वर पोचला असता आणि तोटा १२० वॅटच्या आसपास राहिला असता. हे पूर्णपणे नशिबावर आहे. गंमत अशी, की ऊन कमी होत असताना तो असा फसत नाही. तेव्हा प्रत्येक पावलाला वॅट घटलेलेच दिसतात, म्हणून तो दर पावलाला उलटा फिरतो आणि जागच्या जागी डुलत राहतो. ढग येताना यंत्र शहाणे असते आणि जाताना फसते.

या फसण्यावर १९९५ मध्ये के. एच. हुसेन आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी बोट ठेवले आणि 'इन्क्रिमेंटल कंडक्टन्स' ही रीत सुचवली. दुसरा साधा उपाय असा, की दोन पावलांच्या मध्ये न हलता एकदा नुसते मोजायचे. न हलता जो फरक पडला तो उन्हाचा. तो वजा केला की आपल्या पावलाचा फरक उरतो. तिसरा उपाय मोठ्या आणि जलद पावलाचा. सेकंदाला दहा पावले टाकली तर दोन पावलांमध्ये ऊन १३ वॅटच वाढवते, आणि १० व्होल्टचे पाऊल शिखराशेजारी ३५ ते ५२ वॅटचा फरक पाडते. पावलाचा आवाज उन्हाच्या आवाजापेक्षा मोठा झाला, फसणे संपले. म्हणजे मे महिन्यात ०.८ टक्के खाणारे पाऊल जुलैमध्ये आपल्याला वाचवते. माझे स्पष्ट मत आहे की विदर्भासारख्या ठिकाणी, जिथे चार महिने आकाश निरभ्र आणि चार महिने अस्थिर असते, तिथे कायमच्या एकाच पावलाचा इन्व्हर्टर घेऊ नये. शिखरापासून दूर असताना मोठे आणि जवळ असताना लहान पाऊल टाकणारा घ्यावा. कागदावरचा '९९.९ टक्के एमपीपीटी कार्यक्षमता' हा आकडा बहुधा स्थिर उन्हातला असतो. युरोपच्या ईएन ५०५३० या मानकात ऊन चढते-उतरते ठेवूनही चाचणी आहे. विक्रेत्याकडे त्या चाचणीचा आकडा मागा.

झाडांच्या सावलीला पुस्तकात वेगळे प्रकरण आहे. इथे थोडक्यात सांगतो. कोळशाची धूळ सगळ्या पॅनेलवर सारखी बसली, तर करंट घटतो, शिखर एकच राहते, पी अँड ओ आपले काम करत राहतो. पण मोहाच्या किंवा सागाच्या फांदीची सावली सहापैकी दोन पॅनेलवर पडली, की आलेखाला दोन शिखरे येतात. एक १३५ व्होल्टच्या आसपास, जिथे सावलीतली दोन पॅनेल बायपास डायोडमधून वगळली जातात आणि उरलेली चार पूर्ण करंट देतात. दुसरे २१० च्या वर, जिथे सहाही पॅनेल चालतात पण करंट सावलीतल्या पॅनेलइतकाच. पहिल्यावर साधारण १७५० वॅट मिळतील, तर सावली दाट असल्यास दुसऱ्यावर त्याच्या निम्मेच. इन्व्हर्टर सकाळी उघड्या व्होल्टेजवरून, म्हणजे उजवीकडून सुरुवात करतो, त्याला लहान शिखर आधी लागते आणि तो तिथेच तीन पायऱ्यांचा सुंदर फेरा घालत बसतो. हेलकावे अगदी नियमित, आणि वीज अर्धी. फेरा नेटका आहे म्हणजे सगळे ठीक आहे असे मानू नका. व्होल्टेज मोठे आणि करंट उन्हाच्या मानाने फारच लहान दिसला, तर आधी मान वर करून झाड बघा.

जागेवर हे ओळखायचे कसे? मोबाइल ॲपवरच्या आलेखाने नाही. तो बहुतेक वेळा पाच-पाच मिनिटांनी एक ठिपका घेतो आणि हेलकावे त्यात पार पुसले जातात. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरची चालू नोंद पाहा, किंवा डीसी क्लॅम्प मीटर केबलभोवती लावून करंट पाहा. कनेक्टर उघडायचा नाही. २०० व्होल्ट डीसीची ठिणगी विझत नाही. मग व्होल्टेज आणि करंट एकत्र वाचा. व्होल्टेज वाढताना करंट घटतो आणि व्होल्टेज घटताना करंट वाढतो, तेही ठरावीक वेळाने, असे असेल तर इन्व्हर्टर स्वतः हलतो आहे. व्होल्टेज जवळपास तेच आणि करंट मात्र मोठ्या अंतराने वरखाली होतो, तर हलते ते आकाश. एवढा भेद जमला तर गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देता येते.

शेवटी पंप, कारण गडचिरोलीत काम करणाऱ्याला इन्व्हर्टरपेक्षा तोच जास्त भेटेल. तिथे ढकल व्होल्टेजला देत नाहीत, मोटारीच्या फ्रिक्वेन्सीला देतात. फ्रिक्वेन्सी वाढवली की पंप जास्त वीज मागतो आणि पॅनेलचे व्होल्टेज खाली येते. पंपाला लागणारी वीज साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ५० हर्ट्झवरून ४९ वर आणले तर ती जवळजवळ ६ टक्क्यांनी घटते. म्हणजे एका हर्ट्झचे पाऊल, जे ऐकायला लहान वाटते, ते वॅटच्या हिशेबाने फार मोठे आहे. शिवाय इथे शिखराच्या दोन बाजू सारख्या नाहीत. व्होल्टेज शिखराच्या डावीकडे घसरले, की पॅनेल आणखी कमी देते आणि मोटार त्या फ्रिक्वेन्सीला लागेल तेवढे मागतच राहते. कॅपॅसिटरमधली शिल्लक संपते, व्होल्टेज कोसळते आणि कंट्रोलर 'अंडर व्होल्टेज' दाखवून बंद पडतो. काही मिनिटांनी तो पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. बांधावरून पाहणाऱ्याला पाण्याची धार उसळते, बारीक होते, थांबते असे दिसते, आणि दोष पंपाला किंवा विहिरीला दिला जातो. म्हणून चांगला पंप कंट्रोलर शिखराच्या किंचित उजवीकडे राहतो, एक-दोन दशांश हर्ट्झच्या पावलांनी वर चढतो आणि व्होल्टेज घसरू लागताच फ्रिक्वेन्सी एकदम खाली ओढतो. ढगाळ दिवशी पंप वारंवार बंद पडत असेल, तर मोटार उघडण्याआधी कंट्रोलरमधली फ्रिक्वेन्सी वाढवण्याची गती आणि पाऊल तपासा. ते कोणत्या मेनूत सापडते, किती ठेवायचे आणि बदलल्यावर धारेत काय फरक दिसला पाहिजे, हे शेवटच्या प्रकरणात तीन आणि पाच एचपीच्या पंपांवर करून दाखवले आहे.